लकव्यावर सुई अन् व्हॉट्सॲपवरचा दोन बाणवाला मेसेज
"लकवा मारला तर दहाही बोटाले सुई टोचून रक्त काढा, माणूस उठून बसते. 11 जणांना पाठवा नाहीतर घरात वाईट होईल."

खोटं आहे. लकवा मेंदूची नस बंद पडून नाहीतर फुटून येते, बोटातलं रक्त काढून तिथं काहीच होत नाही, अन् गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासातच देता येते, तेही सिटी स्कॅन पाहून, म्हणून तोंड वाकडं झालं, हात गळला, बोलणं अडखळलं की सुई शोधत बसू नका, 108 लावा. आता दोन बाण दिसले की आबाजी म्हणतात एवढ्या लोकायनं पाठवलं म्हणजे खरंच असन, त्यात पाठवणारा घरचा जावई, त्याच्यावर शंका कोण घेणार! बाणांचा अर्थ एवढाच की मेसेज पाच किंवा जास्त वेळा पुढं ढकलला गेला, तपासला कोणीच नाही. कॉपी करून टाकला तर बाण बी दिसत नाहीत.