‘स्टिरॉइड तिसऱ्याच दिवशी का दिलं नाही?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

> “डॉक्टर, लेख वाचला. ‘सौम्य कोविडमध्ये स्टिरॉइड नको’ हे लिहायला सोपं आहे. २०२१ मध्ये आमच्या आप्पांना तिसऱ्या दिवशी १०२ ताप होता. आम्ही हात जोडून सांगितलं, स्टिरॉइड सुरू करा. दिलं नाही. आठव्या दिवशी ऑक्सिजन ९० वर आला, तेव्हा तेच स्टिरॉइड दिलं. मग पाच दिवस कशाची वाट बघत होतात? शेजारच्या गावात दुसऱ्या दिवशी सुई दिली, दोन दिवसांत माणूस बागेत फिरत होता. अँटिबायोटिक पण आधी ‘गरज नाही’ आणि नंतर महागडं. आप्पा वाचले, पण जिना चढताना आजही दम लागतो. तुम्हा लोकांचं काहीतरी चुकतं हे मान्य करा.”

नमस्कार. आधी माझी चूक सांगतो. लेखात ‘स्टिरॉइड नको’ एवढंच लिहून मी पुढे गेलो. ते कधी हवं आणि तोवर घरच्यांनी कशावर नजर ठेवायची, हे लिहिलं नाही. ते न सांगता नुसतं ‘थांबा’ म्हटलं की घरच्यांना वाऱ्यावर सोडल्यासारखंच वाटणार. बाकीच्या मुद्द्यांवर मात्र तुमच्याशी भांडणार आहे.

शेजारच्या गावातल्या माणसाचं उदाहरण तुम्ही दिलंत. अगदी तसाच एक पेशंट माझ्याकडे होता. पंचावन्नच्या पुढचे आंबा बागायतदार, मधुमेह गोळ्यांवर. त्यांना काका म्हणतो. ६ मे २०२१ ला ताप आला, हंगाम ऐन भरात. ७ तारखेला गावातच डेक्साची, म्हणजे डेक्सामेथासोन या स्टिरॉइडची, सुई घेतली आणि गोळ्या सुरू झाल्या. ताप संध्याकाळी उतरला, भूक लागली, अंगदुखी गेली. काका पेट्या भरायला उभे. स्टिरॉइडने असंच होतं, कारण ताप आणि अंगदुखी हा आपल्या प्रतिकारशक्तीच्या लढाईचा धूर आहे आणि स्टिरॉइड ती लढाईच मंद करतं. पहिल्या आठवड्यात विषाणू जोरात वाढत असतो. त्याला आवरणारे शिपाईच आपण घरी पाठवतो. वर ताप नाही म्हणून बोटाला ऑक्सिमीटर लावायचं कुणाला सुचत नाही.

१२ तारखेला, म्हणजे सातव्या दिवशी, काका रिक्षातून उतरून माझ्या दारापर्यंत चालत आले, बोलत होते, हसतही होते. ऑक्सिजन ८८. छातीकडे बघून पूर्ण एक मिनिट श्वास मोजले, २८ भरले. साखर ४१२.

आपल्याकडे तेव्हा वापरलेली वर्गवारी अशी: ऑक्सिजन ९४ किंवा वर आणि दम नाही, तर सौम्य. ९० ते ९३, किंवा श्वास मिनिटाला २४ च्या पुढे, तर मध्यम. ९० च्या खाली, किंवा श्वास ३० च्या पुढे, तर गंभीर. काकांचे श्वास ‘मध्यम’ सांगत होते, ऑक्सिजन ‘गंभीर’. अशा वेळी जे जास्त वाईट ते धरायचं. सीटीचा स्कोअर यात कुठेच नाही, हे लक्षात घ्या. त्या काळात अख्खं कोकण एकमेकांना ‘स्कोअर किती?’ विचारत होतं. २५ पैकी १२ आला की घरात रडारड. मी १५ स्कोअरचा माणूस ९६ ऑक्सिजनवर घरी बरा होताना पाहिलाय. फोटोत फुप्फुस किती डागाळलं हे दिसतं. ते काम किती करतंय हे बोटावर आणि श्वासात कळतं.

आता तुमचा मुख्य प्रश्न, पाच दिवस कशाची वाट. ऑक्सिजन खाली येण्याची. ऐकायला क्रूर वाटतं, पण २०२० मध्ये ब्रिटनमध्ये ‘रिकव्हरी’ नावाची मोठी चाचणी झाली, तिने नेमकं हेच तपासलं. रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, जास्तीत जास्त १० दिवस. व्हेंटिलेटरवरच्या दर १०० रुग्णांत २८ दिवसांतले मृत्यू सुमारे ४१ वरून २९ वर आले. ऑक्सिजनवर असलेल्यांत २६ वरून २३. आणि दवाखान्यात दाखल असूनही ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता, त्यांच्यात दर १०० मागे नेहमीच्या उपचारात १४ गेले, स्टिरॉइड घेतलेल्यांत जवळपास १८. हा शेवटचा फरक योगायोगाचाही असू शकतो, तेवढी सावधगिरी ठेवतो. पण फायद्याचा मागमूस नाही आणि कल नुकसानीकडे. औषध तेच, डोस तोच, फक्त आजाराचा टप्पा वेगळा. दुसऱ्या आठवड्यात विषाणू ओसरू लागतो, पण प्रतिकारशक्ती बेफाम होऊन स्वतःचंच फुप्फुस सुजवते. तेव्हा तीच लढाई मंद करणं जीव वाचवतं. आप्पांना आठव्या दिवशी दिलं ते उशिरा नव्हतं.

मात्र ‘वाट बघणं’ म्हणजे हात बांधून बसणं नव्हे. पाचव्या दिवसापासून दिवसातून चारदा ऑक्सिजन मोजायचा. बसून मोजून झाला की घरातल्या घरात सहा मिनिटं चालायचं आणि पुन्हा मोजायचा. आकडा ३ ने घसरला किंवा ९४ च्या खाली गेला, तर बसून ९६ असला तरी त्याच दिवशी दवाखाना. हे वाक्य लेखात नव्हतं, तो माझा दोष.

काकांकडे परत येतो. साध्या मास्कने मिनिटाला ६ लिटरवर ऑक्सिजन ९३ आला. आम्हाला ९२ ते ९६ हवा असतो, ९९ चा हट्ट धरून सिलिंडर उधळायचा नसतो. रात्री ९० वर आला, म्हणून पिशवीवाला मास्क, १० लिटर, आणि पालथं झोपवलं. पोटाखाली उशी, तोंड एका बाजूला, जमेल तितके तास. स्टिरॉइड आता योग्य टप्प्यावर आलं होतं. डेक्सा ६ मिलिग्रॅम, म्हणजे मिलीला ४ मिलिग्रॅमच्या सुईतला दीड मिली, रोज एकदा, आणि सोबत इन्सुलिन. रेमडेसिविर हे विषाणूविरोधी औषधही दिलं, पहिल्या दिवशी २०० मिलिग्रॅम, मग चार दिवस रोज १००, कारण लक्षणांना १० दिवस झाले नव्हते आणि यकृत-मूत्रपिंडाचे रिपोर्ट ठीक होते. त्याच्याकडून अपेक्षा माफक होती. ऑक्सिजनवरच्या माणसाचं बरं होणं काही दिवसांनी लवकर येतं, इतकंच. त्या इंजेक्शनसाठी लोकांनी दागिने मोडले, याचं अजून वाईट वाटतं. विषाणूविरोधी औषधांचा खरा काळ पहिला आठवडा. आज ज्यांना धोका जास्त आहे त्यांना निर्माट्रेलविर-रिटोनाविरच्या गोळ्या पहिल्या पाच दिवसांत देता येतात, रोजची इतर औषधं तपासून. मे २०२१ मध्ये त्या गोळ्या आपल्या हातात नव्हत्या.

१६ तारखेला तौक्ते आलं. तोवर काका नाकातल्या नळीवर ४ लिटरला उतरले होते, हवेतून ऑक्सिजन काढणाऱ्या कॉन्सन्ट्रेटरवर. वीज गेली, यंत्र गप्प झालं, आणि सिलिंडरवर यावं लागलं. जम्बो सिलिंडरमध्ये साधारण ७००० लिटर असतात. ४ लिटरने २९ तास, १० लिटरने साडेअकरा. चार दिवसांपूर्वी हे वादळ आलं असतं तर ती रात्र काढणं कठीण होतं. पत्रे उडत होते आणि आमचा ब्रदर टॉर्च तोंडात धरून पाना फिरवत होता, ते दृश्य विसरता येत नाही.

तुमचा अँटिबायोटिकचा राग इथे येतो. १८ तारखेला काका २ लिटरवर होते, घरी जायची भाषा सुरू. १९ ला सकाळी ९२ टिकवायला ५ लिटर लागू लागले. ताप म्हणाल तर जेमतेम ९९.८. नाडी मात्र ११८. खोकल्यातून आधी काही पडत नव्हतं, आता घट्ट पिवळा बेडका. स्टिरॉइड चालू असताना मोठ्या तापाची वाट बघायची नसते, ते ताप झाकून ठेवतं. पांढऱ्या पेशी १९,००० होत्या, पण त्या एकट्यावरही विसंबता येत नाही, कारण स्टिरॉइडनेच त्या वाढतात. काकांच्या आधीपासून १३,००० होत्या. मला पटलं ते सगळं एकत्र बघून. सुधारत असलेला माणूस उलटा फिरला, ऑक्सिजनची गरज वाढली, बेडका बदलला, एक्स-रेत उजवीकडे खाली नवा पांढरा ठिपका आला जो १२ तारखेला नव्हता, आणि जिवाणूंच्या संसर्गात रक्तात वाढणारं प्रोकॅल्सिटोनिन वाढलेलं. आधी रक्त आणि बेडका कल्चरला, म्हणजे त्यातला जिवाणू वाढवून ओळखायला, पाठवला, मगच अँटिबायोटिकची पहिली बाटली लावली. क्रम उलटा झाला तर कल्चरमध्ये काही उगवत नाही आणि पुढे सगळा अंधारात बाण. तीन दिवसांनी बेडक्यात क्लेबसिएला हा जिवाणू निघाला, त्याला चालणारं नेमकं औषध ठेवलं आणि बाकीचं काढलं.

सुरुवातीला ‘गरज नाही’ म्हटलं ते यासाठीच. कोविडचा न्यूमोनिया विषाणूचा असतो, दवाखान्यात येताना सोबत जिवाणू असण्याचं प्रमाण बरंच कमी. पहिल्या दिवसापासून अझिथ्रोमायसिन आणि त्यावर आणखी एक दिलं असतं, तर दुसऱ्या आठवड्यातला जिवाणू त्यांना दाद न देणाराच निघण्याचा धोका वाढला असता. आप्पांचं ‘नंतर महागडं’ बहुधा याच वाटेने आलं. पण त्यांचं कल्चर केलं होतं का, हे मात्र तुम्ही विचारायला हवं. केलं नसेल तर तुमची तक्रार रास्त आहे.

काका पंचवीस दिवसांनी घरी गेले. दुसऱ्या दिवशीच्या सुईमुळेच ते ८८ वर आले असं मी म्हणणार नाही, एका पेशंटवरून ते सिद्ध होत नाही. सुईने चार दिवस कुणाला कळू दिलं नाही आणि साखर ४१२ वर नेण्यात तिचा हात होता, एवढं म्हणेन. आणि शेजारच्या गावातला तो बागेत फिरणारा माणूस बहुधा सुईशिवायही फिरला असता. सौम्य कोविडवाले बहुतेक तसेच बरे होतात.

आप्पांच्या दम लागण्याबद्दल. इतक्या वर्षांनी ते नुसतं ‘कोविडनंतरचं’ म्हणून सोडू नका. एक्स-रे, हृदयाची इको आणि फुंकून करायची फुप्फुसाची तपासणी करून घ्या. जिना चढायच्या आधी आणि चढल्यावर लगेच ऑक्सिजन मोजा, तीन दिवसांचे आकडे इथेच खाली लिहा, आणि तेव्हाचे डिस्चार्जचे कागद असतील तर त्यात स्टिरॉइड कुठल्या तारखेला सुरू आणि कुठल्या तारखेला बंद केलं तेही बघून सांगा.