पस्तीस टक्केवाला काका

काल सकाळच्या लोकलमध्ये एका अनोळखी माणसाने मला अख्ख्या डब्यासमोर नापास केलं. मी परीक्षेला बसलेलोच नाही अजून, तरी.

झालं असं की एनपीटेलचा, म्हणजे आयआयटीवाल्यांचा, बारा आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स कॉलेजने गळ्यात बांधलाय, सात आठवडे संपलेत, असाइनमेंट पाच उरल्यात आणि बाकी सगळ्या विषयांची सबमिशन्स एकदम अंगावर आलीयेत. तर त्या पाचमधल्या किती सोडल्या तरी चालतील एवढंच मी मोबाईलवर मांडत बसलो होतो. चौथ्या सीटवर. म्हणजे अर्धा सीटवर, अर्धा हवेत. शेजारचे काका पेपर वाचत होते असं मला वाटत होतं, पण ते माझा मोबाईल वाचत होते.

"शून्य कसं काय पडलं चौथ्यात?" काका.

आता याला काय उत्तर देणार? मामेबहिणीचं लग्न होतं, हळदीच्या रात्रीच डेडलाइन होती, आणि तिथे उशिरा दिलेलं काही घेत नाहीत, वेळ गेली की पोर्टल गप्प. मी म्हटलं, "राहिली काका." काकांनी खिशातून पेन काढलं. लोकलमध्ये कुणी पेन काढलं की समजावं आपलं स्टेशन यायला अजून बराच वेळ आहे.

"सांग मार्क," म्हणाले. आणि मी सांगितले हो! 90, 80, 73, शून्य, 60, 67, 50. पेपरच्या समासात, कुणाच्या तरी श्रद्धांजलीच्या बाजूला, काकांनी मोठ्याने बेरीज केली. 420. "आणि पुढच्या पाच नाही केल्यास तर?" म्हटलं, शून्य. "420 भागिले 12... पस्तीस! काठावर पास!" समोरच्या बाकावरच्या दोघांनी माना डोलावल्या. दहावीला पस्तीसला पास म्हणजे जगात सगळीकडे पस्तीसला पास, यावर आपल्याकडे कुणाचं दुमत नसतं. मला तिथेच गप्प बसता आलं असतं, पण माझी जीभ! मी म्हटलं, "काका, इथे चाळीस लागतात."

"मग नापास," काका म्हणाले. शांतपणे. पेनाचं टोपण लावून.

"अहो पण बाराने नाही भागायचं, आठने भागायचं. बारातल्या बेस्ट आठच धरतात."

"असं कसं? असाइनमेंट किती?"

"बारा."

"मग आठने कसं भागशील? उद्या तू म्हणशील तीनने भागा." आता खिडकीतलेही वळले. दारातला एक जण म्हणाला, आजकाल सगळं असंच आहे, पोरांना सगळं सोपं करून ठेवलंय. काकांचा मुलगा सीए आहे, त्याने एकही पेपर कधी सोडला नाही, सर्दीतापातसुद्धा दिला, हे सगळं मला ठाण्यापर्यंत ऐकावं लागलं आणि उतरताना वर पाठीवर थाप, "मेहनत कर बाळा, शॉर्टकट शोधू नकोस." शॉर्टकट! नियम त्यांच्या साइटवर छापलेला आहे, मी काय खिडकीतून आत शिरतोय का?

तर काकांना जे ऐकायचं नव्हतं ते इथे लिहितो. बारा आठवड्यांच्या कोर्सला बेस्ट आठ असाइनमेंटची सरासरी काढतात आणि ती 25 मार्कांत बसवतात. उरलेले 75 सेंटरवर जाऊन द्यायच्या परीक्षेचे. सर्टिफिकेटसाठी 25 पैकी 10 आणि 75 पैकी 30, दोन्ही वेगवेगळे लागतात, परीक्षेत 60 मिळाले म्हणून असाइनमेंटचे 8 माफ होत नाहीत. 25 पैकी 10 म्हणजे आठांची सरासरी 40 टक्के, म्हणजेच आठांची बेरीज 320. माझी 420 आत्ताच झालीये. पाचही सोडल्या तरी 420 भागिले 8, साडेबावन्न टक्के, 25 पैकी 13 च्या वर. म्हणजे उत्तर "पाचच्या पाच सोड" असं आहे आणि काका, तुम्ही चुकलात, मी काठावर नाही, काठापासून चांगला आत आहे.

पण रात्री घरी हेच शांतपणे परत मांडलं आणि मूड गेला. कारण आमच्या कॉलेजला नुसतं पास चालत नाही, त्यांना एलिट पाहिजे, म्हणजे एकूण 60. तेव्हाच क्रेडिट देणार. हा नियम एनपीटेलचा नाही, हा आमच्या कॉलेजने स्वतःच्या हौसेने लावलाय आणि तोही रजिस्ट्रेशन झाल्यावर सांगितला, फी भरून झाल्यावर. असाइनमेंटचे 13 असतील तर 60 ला परीक्षेत 47 पाहिजेत. आणि पेपरात प्रत्येक आठवड्याचं वजन सारखं धरलं तर मी केलेल्या सात आठवड्यांचे सगळे मिळून होतात 44. म्हणजे येतं तेवढं सगळं बरोबर लिहिलं तरी एलिट नाही! सोडलेली असाइनमेंट मार्कांतून माफ होते, पेपरातून होत नाही, आणि ही गोष्ट कुठल्याही बेरजेत दिसत नाही.

मग पाचही करायच्या? तेही नाही, इथे खरी गंमत आहे. समजा प्रत्येकीत 70 मिळाले. माझ्याकडे शून्य नसलेले आकडे सहाच आहेत, म्हणजे बेस्ट आठमध्ये दोन जागा रिकाम्या. पहिल्या दोन असाइनमेंट त्या जागांवर बसतात आणि दोन्ही मिळून एकूण निकालात जवळजवळ 4.4 मार्क वाढतात. तिसरी मात्र त्या 50 ला बाहेर काढून बसते, फायदा अर्ध्या मार्काच्या जरासा वर. चौथी 60 ला हटवते. पाचवी 67 ला, तिचा फायदा एका मार्काचा दहावा भागही नाही. शेवटच्या तिन्ही मिळून एक मार्क! त्यासाठी मी तीन संध्याकाळी घालवू? दोन केल्या की असाइनमेंटचे साडेसतरा, परीक्षेत साडेबेचाळीस पुरे. व्हिडिओ मात्र पाचही आठवड्यांचे बघायचे, ते 44 चं गणित डोक्यात ठेवून.

(वर्गातल्या अर्ध्या पोरांना दर आठवड्याला 100 पडतात. उत्तरांचे स्क्रीनशॉट आदल्या दिवशी ग्रुपवर फिरतात, कोण टाकतं माहीत नाही. माझे 50 माझे आहेत, ते पाचव्या ऑप्शनला चार दशांश स्थळं असलेल्या प्रश्नांतून कमावलेत, आणि वर्गात ते वाचून दाखवतात तेव्हा हसणारी हीच पोरं. असो.)

तर ठरलं, नववी आणि दहावी करायची, कारण ते टॉपिक जरा तरी कळतात, आणि 8, 11, 12 सोडायच्या. म्हणून मेंटर मॅडमना विचारायला गेलो तर त्यांनी एक्सेल उघडली. त्यांच्या शीटमध्ये मार्कांचा कॉलमच नाही. फक्त सबमिट केली की हिरवा, नाही केली की लाल. माझा चौथा आठवडा लाल होता आणि त्यावर कॉमेंट होती, "पालकांना फोन."

"मॅडम, बेस्ट आठ असतात."

"ते तू मला नको शिकवूस, मला बाराच्या बारा हिरवे लागतात, रिपोर्ट वर जातो."

मग काय, आठवी आत्ताच दिली. सगळ्या प्रश्नांना पहिला ऑप्शन, न वाचता, सबमिट. चहा ओतून घेईपर्यंत झाली. मॅडमकडे हिरवी लागेल.