पत्ता बदलल्यावर मेल कुठे जातो? डायनॅमिक आयपीवरच्या मेल सर्व्हरबद्दलच्या एका दाव्याचा प्रतिवाद

दावा असा: "मेल सर्व्हरला स्थिर आयपी लागतो हा गैरसमज आहे. राउटरवर 25 नंबरचा पोर्ट आतल्या मशीनकडे फॉरवर्ड करा, डायनॅमिक डीएनएस लावा, एमएक्स, म्हणजे डोमेनचा मेल कुठे द्यायचा ते सांगणारं डीएनएस रेकॉर्ड, त्या नावाकडे वळवा. पत्ता बदलला तर डीएनएस पाच मिनिटांत सुधारतो, आणि तोवर पाठवणारा सर्व्हर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतोच, त्यामुळे काहीही हरवत नाही. मेल आत येतोय म्हणजे बाहेरही जाणारच."

फेरप्रयत्न कधी होतो आणि कधी होत नाही

एसएमटीपीत फेरप्रयत्नाची सोय आहे, हे खरं. आरएफसी 5321 नुसार दोन प्रयत्नांमध्ये साधारण किमान 30 मिनिटं असावीत आणि 4-5 दिवस तरी हार मानू नये. पण ही सोय मुख्यतः दोन परिस्थितींत लागू होते: कनेक्शन जुळलंच नाही, किंवा समोरून 4 ने सुरू होणारं तात्पुरतं उत्तर आलं. प्राप्तकर्त्याचा पत्ता दिल्यावर 5 ने सुरू होणारं उत्तर आलं, की पाठवणारा त्याच क्षणी थांबतो आणि मेल बाउन्स करतो. म्हणून खरा प्रश्न असा, की तुम्ही सोडलेल्या पत्त्यावर आता कोण बसलं आहे?

एक उदाहरण घेऊ. तुमचा पत्ता 203.0.113.40 आहे, रेकॉर्डचा टीटीएल, म्हणजे ते वाचणाऱ्याने जपून ठेवण्याची मुदत, 300 सेकंद आणि डायनॅमिक डीएनएसचा क्लायंट दर पाच मिनिटांनी तपासणी करतो. 14:10 ला लाइन तुटून पुन्हा जोडली गेली आणि नवा पत्ता 203.0.113.87 मिळाला. क्लायंटला ते 14:14 ला कळलं. पण पाठवणाऱ्याच्या बाजूच्या ज्या डीएनएस रिझॉल्व्हरने 14:13 ला रेकॉर्ड वाचलं, तो 14:18 पर्यंत जुनाच पत्ता देत राहणार. म्हणजे पाच मिनिटांचा हिशेब इथेच आठ मिनिटांवर गेला.

या आठ मिनिटांत .40 वर कोणीच नसेल, किंवा तिथे 25 नंबरचा पोर्ट बंद असेल, तर दावा बरोबर ठरतो. मेल रांगेत थांबतो आणि नंतर पोचतो. पण तो पत्ता दुसऱ्या ग्राहकाला मिळाला आणि त्याच्याकडेही मेल सर्व्हर असेल, तर तो तुमचं डोमेन ओळखत नाही. तो सर्व्हर पोस्टफिक्स असेल आणि त्यात `reject_unauth_destination` लावलेलं असेल, तर उत्तर असं येतं:

```
554 5.7.1 <info@example.org>: Relay access denied
```

मेल बाउन्स झाला. तुमच्या लॉगमध्ये याची एकही ओळ नसते, कारण तुमच्या मशीनपर्यंत काही आलंच नाही. त्याहून वाईट म्हणजे तिथला सर्व्हर वाटेल तो मेल स्वीकारणारा असेल, तर तो 250 म्हणतो, पाठवणाऱ्याकडे 'पोचला' अशी नोंद होते आणि पत्र परक्याच्या डिस्कवर जातं. टीएलएस असूनही हे थांबत नाही. सर्व्हर-ते-सर्व्हर मेलमध्ये एरवी प्रमाणपत्रावरचं नाव तपासलं जात नाही.

असं घडण्याची शक्यता रोजच्या बदलात कमी असते. पण लाइन किंवा वीज तासन्‌तास गेली तर चित्र पालटतं. डीएनएस सुधारणारा क्लायंट त्याच लाइनमागे बसलेला आहे, त्यामुळे तो गप्प असतो. रेकॉर्ड जुना पत्ता दाखवत राहतं आणि तो पत्ता मात्र पुन्हा वाटपात गेलेला असतो. सहा तास लाइन बंद राहिली, तर धोका आठ मिनिटांचा नव्हे, सहा तासांचा.

यावर अर्धा उपाय म्हणजे एमटीए-एसटीएस, `mode: enforce` ठेवून: प्रमाणपत्र जुळलं तरच मेल द्या, असं तुमच्या डोमेनने जाहीर केलेलं धोरण. मग जे सर्व्हर हे धोरण पाळतात ते प्रमाणपत्र तपासतात, परक्याचं प्रमाणपत्र जुळत नाही आणि मेल रांगेत थांबतो. धोरणाची फाइल मात्र स्थिर पत्ता असलेल्या बाहेरच्या वेब होस्टवर ठेवा. धोरण न पाळणाऱ्यांपासून संरक्षण तरीही नाहीच.

पोर्ट फॉरवर्डिंगची चूक: ओपन रिले

आतल्या नेटवर्कमधूनही सार्वजनिक नावाने सर्व्हर उघडावा म्हणून राउटरवर मास्करेडचा नियम लावला जातो. तो नियम सैल असला, तर बाहेरून येणाऱ्या प्रत्येक कनेक्शनचा उगम-पत्ता बदलून राउटरचा होतो. मेल सर्व्हरला सगळं जग 192.168.1.1 वरून आलेलं दिसतं:

```
connect from unknown[192.168.1.1]
```

आता `mynetworks` मध्ये, म्हणजे विश्वासातल्या पत्त्यांच्या यादीत, 192.168.1.0/24 असेल, तर पोस्टफिक्स प्रत्येक अनोळखी माणसाला घरचाच समजतो आणि त्याचा मेल जगभर पोचवून देतो. हाच ओपन रिले. पोस्टफिक्सच्या जुन्या आवृत्त्यांत हे सबनेट मुळातच विश्वासातलं धरलं जात असे. ओपन रिले झाला नाही तरी येणाऱ्या मेलची एसपीएफ तपासणी, म्हणजे पाठवणारा पत्ता त्या डोमेनला मान्य आहे का हे पाहणं, निरर्थक होते, काळ्या याद्या चालत नाहीत आणि `fail2ban` एका हल्लेखोरामुळे राउटरलाच बंद करून टाकतो, म्हणजे सगळा येणारा मेल थांबतो.

राउटर लिनक्सवर असेल तर मास्करेड फक्त आतून आलेल्यांसाठी ठेवा. `-s` हा भाग विसरला की वरचं सगळं घडतं:

```
iptables -t nat -A POSTROUTING -s 192.168.1.0/24 \
  -d 192.168.1.10 -p tcp --dport 25 -j MASQUERADE
```

बाहेरच्या नेटवर्कवरून जोडून पाहा आणि लॉगमध्ये खरा बाहेरचा पत्ता दिसतो का ते बघा. आतून केलेली चाचणी यातलं काहीच दाखवत नाही. राउटरच्या बाहेरच्या बाजूचा पत्ता 100.64 ते 100.127 ने सुरू होत असेल, तर सेवादाताच तुम्हाला सामायिक नॅटमागे ठेवतो आहे. तिथे फॉरवर्डिंग चालणारच नाही.

एमएक्स आणि नाव

आपल्या डोमेनमधलं नाव सीनेमने, म्हणजे एका नावावरून दुसऱ्या नावाकडे नेणाऱ्या रेकॉर्डने, डायनॅमिक डीएनएसच्या नावाकडे वळवून एमएक्स त्याच्याकडे दाखवणं सर्रास केलं जातं. आरएफसी 2181 नुसार एमएक्सचं लक्ष्य सीनेम असू नये. बरेच सर्व्हर चालवून घेतात, काही घेत नाहीत. एमएक्समध्ये थेट ए रेकॉर्ड असलेलंच नाव द्या.

बाहेर जाणारा मेल

येणं आणि जाणं या वेगळ्या गोष्टी आहेत. अनेक सेवादाते बाहेर जाणारा 25 बंद ठेवतात. तो उघडा असला तरी पत्त्यावरून नाव सांगणारं उलट डीएनएसचं रेकॉर्ड पत्त्याच्या मालकाच्या, म्हणजे सेवादात्याच्या हातात असतं. ते नीट नसेल तर जीमेल `550-5.7.25` देऊन मेल परत पाठवतो. शिवाय स्पॅमहाउसच्या पीबीएल यादीत असे डायनॅमिक पत्त्यांचे गटच्या गट असतात. एसपीएफमध्ये डायनॅमिक नाव घातलं तर जुन्या पत्त्यावरचा परका काही काळ तुमच्या नावाने एसपीएफ पास होतो, हे आणखी एक. बाहेरचा मेल 587 वरून स्मार्टहोस्टकडेच, म्हणजे तुमच्या वतीने तो पुढे पाठवणाऱ्या सर्व्हरकडेच, द्यावा.

मग करायचं काय

आतला सर्व्हर ठेवा, पण एमएक्स स्थिर पत्त्याच्या एका छोट्या भाड्याच्या सर्व्हरवर न्या. आतलं मशीन त्याच्याशी वायरगार्ड या व्हीपीएनचा बोगदा उघडतं. `PersistentKeepalive = 25` ठेवलं की नॅटमधली नोंद जिवंत राहते आणि पत्ता बदलला तरी बोगदा स्वतःच सावरतो. बाहेरचा पोस्टफिक्स मेल स्वीकारून बोगद्यातून आत देतो. लाइन गेली तर तो तुमच्याच रांगेत थांबतो, मूळ सेटिंगप्रमाणे पाच दिवस. उलट डीएनएस तिथे लावता येतं, त्यामुळे बाहेरचा मेलही तिथूनच जाऊ द्या.

बाहेरच्या सर्व्हरवर पोस्टफिक्स न ठेवता बोगद्यातून पोर्ट 25 नुसता डीनॅट करून आत ढकलू नका. लाइन गेल्यावर मग रांगच उरत नाही, आणि उगम-पत्त्याचा वरचा घोळ परत येऊ शकतो. बाहेरच्या सर्व्हरवर `relay_recipient_maps` मध्ये खऱ्या मेलबॉक्सची यादी ठेवा. ती नसेल तर अस्तित्वात नसलेल्या पत्त्यांचा स्पॅमही तो आधी स्वीकारतो, आतला सर्व्हर नाकारतो, आणि बाउन्स बनावट प्रेषकांच्या पत्त्यांवर जाऊ लागतात. मग तो स्थिर पत्ताही काळ्या यादीत जातो.