फेस आला म्हणजे डाग गेला असं नाही

“व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करून मातीच्या कुंडीवर आणि बाल्कनीच्या फरशीवर ओता. फेस येईल. दहा मिनिटांत हिरवं शेवाळ आणि पांढरा थर दोन्ही निघतील. नाहीच निघालं तर टॉयलेट क्लीनर टाका. नंतर कुंडीला बाहेरून ऑइल पेंट मारा, डाग पुन्हा येणार नाहीत.”

पावसाळा संपला की हा संदेश दरवर्षी फिरतो. त्यातला एक सल्ला फुकट जाणारा आहे, एक कुंडी खराब करणारा आहे आणि एक खरोखर धोकादायक आहे.

आधी फेसाचं पाहू. व्हिनेगर हे आम्ल आणि सोडा हा अल्कली, त्यामुळे दोघं भेटले की एकमेकांना संपवतात. वर येतो तो कार्बन डायऑक्साइड, आणि खाली उरतं पाणी आणि सोडियम ॲसिटेट नावाचा क्षार. बाजारातल्या 4 टक्क्यांच्या 100 मिली व्हिनेगरचं आम्ल मारायला सहा ग्रॅमच्या आत सोडा पुरतो, म्हणजे सपाट चमचाभर. फेस बसेपर्यंत पांढरा थर विरघळवणारं आम्ल जवळजवळ संपलेलं असतं. तरी डाग थोडा फिका दिसतो, तो पाण्यामुळे आणि घासण्यामुळे. शिवाय उरलेला क्षार कुंडीच्या भिंतीत मुरतो आणि कुंडी वाळली की तोच पांढरा होऊन बाहेर दिसतो. काही जण सांगतात, ‘धुतल्यावर दोन दिवसांनी डाग वाढले.’ त्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

दुसरी चूक म्हणजे हिरवा आणि पांढरा डाग एकाच औषधाने घालवायचा प्रयत्न. शेवाळ जिवंत असतं. ओल, उजेड आणि कुंडीतून झिरपणारं थोडं खत मिळालं की ते वाढतं. पांढरा थर निर्जीव असतो. मातीची कुंडी सच्छिद्र असल्याने आतलं पाणी भिंतीतून बाहेर येऊन उडून जातं आणि पाण्यातला क्षार बाहेरच्या अंगावर राहतो. बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी घालत असाल तर या थरात बहुतेक कॅल्शियम कार्बोनेट असतं. रासायनिक खत वरचेवर देत असाल तर खताचे क्षारही असतात. कार्बोनेट साध्या पाण्याने निघत नाही, त्याला आम्ल लागतं. खताचे बरेचसे क्षार मात्र नुसत्या पाण्यातच विरघळतात.

यातलं आपल्या कुंडीवर काय आहे ते घरीच कळतं. कोरड्या पांढऱ्या थरावर व्हिनेगरचे दोन थेंब टाका आणि जवळून पाहा. बारीक बुडबुडे उठले तर कार्बोनेट आहे. काहीच झालं नाही, तर शेजारची जागा ओल्या फडक्याने चोळून पाहा. तिथला थर विरघळत असेल तर आम्लाची गरजच नाही.

समजा, दहा इंची कुंडी आहे, झाड नुकतंच दुसरीकडे लावलंय, खालच्या अर्ध्या भागावर पांढरा पट्टा आणि सावलीच्या बाजूला हिरवं. माती काढा आणि कुंडी कोरडी असतानाच काथ्याच्या ब्रशने घासा. सुटणारा थर इथेच पडतो. तारेचा ब्रश नको, कारण भाजलेली माती मऊ असते, तिच्यावर ओरखडे पडतात आणि त्यातच पुढे शेवाळ धरतं. मग कुंडी रात्रभर साध्या पाण्यात बुडवून ठेवा आणि सकाळी पाणी बदला. विरघळणारे क्षार असे निघतात, आणि भिजलेली भिंत पुढचं आम्ल आत कमी ओढते. शेवाळही फुगून सैल होतं, तेव्हा ते घासून काढा. त्यानंतर अर्धं पाणी, अर्धं व्हिनेगर यात पट्ट्याचा भाग अर्धा ते एक तास ठेवा. बुडबुडे थांबले आणि थर तसाच असेल, तर आम्ल संपलंय, ताजं घ्या. मोठ्या कुंड्या बऱ्याच असतील तर सायट्रिक ॲसिड स्वस्त पडतं, लिटरभर पाण्याला दोन मोठे चमचे पुरतात. शेवटी पुन्हा साध्या पाण्यात काही तास ठेवून दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवा. उन्हाने उरलेलं शेवाळही मरतं.

कुंडीत झाड असेल तर काहीही ओतू नका. व्हिनेगर भिंतीतून मुळांपर्यंत जातं. फडकं त्यात बुडवून पिळा, फक्त डागावर दहा-पंधरा मिनिटं लावून ठेवा, मग ओल्या फडक्याने दोनदा पुसा. मातीच्या पृष्ठभागावरही पांढरं साचलं असेल आणि पानांची टोकं करपत असतील, तर बाहेरच्या डागापेक्षा आतली माती महत्त्वाची आहे. वरचा पातळ थर खरवडून टाका आणि शक्यतो मऊ पाणी, कुंडीच्या मापाच्या दुप्पट, हळूहळू घालून तळाच्या भोकातून वाहून जाऊ द्या.

आता टॉयलेट क्लीनर. आपल्याकडच्या बहुतेक टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. शेवाळासाठी लोक ब्लीचही वापरतात. आधी ब्लीच टाकलेल्या फरशीवर हे क्लीनर पडलं की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद ग्रिलच्या बाल्कनीत तो छातीत जातो. व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र आले तरी तोच धोका आहे. दोन्ही वापरायचेच असतील तर वेगळ्या दिवशी वापरा आणि मध्ये भरपूर पाण्याने धुवा.

फरशीचं तर आणखी एक आहे. शहाबादी, कोटा आणि संगमरवर हे दगड मुळात कॅल्शियम कार्बोनेटचेच आहेत. जे आम्ल डाग खातं तेच दगडही खातं, मग फरशी खरखरीत आणि निस्तेज होते, आणि खरखरीत फरशीवर शेवाळ लवकर धरतं. या फरशीवर व्हिनेगर, लिंबू, सायट्रिक काहीच नको. विट्रिफाइड किंवा सिरॅमिक टाइलला सौम्य व्हिनेगर चालतं, पण सांध्यातलं सिमेंट आम्लाने झिजतं. म्हणून सांधे आधी पाण्याने भिजवा, व्हिनेगर डागापुरतं लावा, लगेच धुवा. कुठल्याही फरशीवरचं शेवाळ घासणी, पाणी आणि थोड्या भांड्यांच्या साबणाने निघतं. पाय घसरण्याचा धोका असल्याने कुंडीच्या आधी फरशी घ्या. सांध्यातून पांढरं पुन्हापुन्हा येत असेल, तर फरशीखाली पाणी मुरतंय आणि सिमेंटमधला चुना घेऊन वर येतंय. ते घासून थांबणार नाही, उतार आणि वॉटरप्रूफिंग तपासून घ्यावं लागेल.

ऑइल पेंटने डाग काही दिवस झाकला जातो. आतून ओल येतच राहते, क्षार रंगाच्या मागे साचतात, रंगाला फुगे येतात आणि पोपडे सुटतात. त्यात भिंतीतून उडून जाणारं पाणी अडतं, माती जास्त वेळ ओली राहते आणि कोरफडीसारखी झाडं कुजतात. रंग हवाच असेल तर नर्सरीवाले लावतात तसा पाण्यात कालवलेला गेरू लावा. तो भिंत बंद करत नाही, फक्त दरवर्षी पुन्हा लावावा लागतो.

डाग कमी यावेत असं वाटत असेल तर कुंड्या थेट फरशीवर ठेवू नका. विटांचे तीन तुकडे किंवा स्टँड खाली दिला की तळ वाळतो आणि फरशीवरची गोल ओल जाते. पावसाचं पाणी साठवता आलं तर तेच घाला, त्यात क्षार जवळजवळ नसतात.