एस. कार्तिकचं आडनाव

भाचीच्या लग्नपत्रिकेचा मजकूर माझ्याकडे आला, कारण मी आयुष्यभर मुद्रितशोधन केलं. ज्याला ऱ्हस्व-दीर्घ कळतं त्याला सगळंच कळतं, असा आमच्या घरात समज आहे. तो मीच पसरवलेला असल्यामुळे तक्रार कुणाकडे करणार?

नवरामुलगा चेन्नईचा. ताईने फोनवर नावं सांगितली. मुलगा एस. कार्तिक, वडील आर. सुब्रमणियन, आई एस. मीनाक्षी, काका आर. वेंकटेश.

"आडनाव?" मी विचारलं.

"नाहीये."

"नाहीये म्हणजे? सगळ्यांना असतं."

"त्यांना नाहीये. तू लिही ना काहीतरी."

काहीतरी लिहिणं माझ्या रक्तात नाही. मी कागद घेऊन बसलो. वडील आणि काका दोघेही आर., म्हणजे आडनाव 'आर'वरून असणार. पण मग मुलगा एस. कसा? आई आणि मुलगा एस., बाप एकटाच आर. बायको जेवायला हाक मारेपर्यंत मी एका सभ्य कुटुंबाबद्दल नको नको ते तर्क करून बसलो होतो.

शेवटी धीर करून सुब्रमणियनांनाच फोन लावला. ते पोस्टात होते. पत्त्यांचा घोळ निस्तरण्यात हयात गेलेली, त्यामुळे माझा प्रश्न त्यांना नवा नव्हता. "माझ्या वडिलांचं नाव रामनाथन, म्हणून मी आर. माझा भाऊही आर. मी सुब्रमणियन, म्हणून माझा मुलगा एस. मीनाक्षी लग्नाआधी तिच्या वडिलांमुळे के. होती, आता माझ्यामुळे एस." मग हसून म्हणाले, "कार्तिकला मुलगा झाला की तो के. होईल. आमच्याकडे अक्षर दर पिढीला बदलतं."

म्हणजे ते आडनावाचं अक्षर नव्हतंच. आपण ज्याला मधलं नाव म्हणतो, तेच त्यांच्याकडे आखडून पुढे येऊन बसलं होतं. पूर्वी त्यांच्यात नावाला जातीचा शेपटा असायचा. १९२९ साली चेंगलपट्टूला स्वाभिमान चळवळीची परिषद भरली, तिथे जातिवाचक नावं टाकून देण्याचा ठराव झाला आणि पेरियारांनी स्वतःच्या नावातलं 'नायकर' काढलं. पुढे असंख्य घरांतून शेपटा गेला. वडिलांचं अक्षर तेवढं राहिलं.

घोळाचं मूळ मला इथे सापडलं. आपल्याकडे पहिलं अक्षर ज्याचं त्याचं असतं, मग वडिलांचं, शेवटी घराणं. पु. ल. देशपांडे यांच्यातला 'पु.' म्हणजे पुरुषोत्तम, खुद्द तेच. तिकडे स्वतःचं नाव शेवटी आणि पूर्ण. पुढची अक्षरं बापजाद्यांची. एम. के. स्टॅलिन म्हणजे मुत्तुवेल करुणानिधी स्टॅलिन: आधी आजोबा, मग वडील, मग स्वतः. आणि नेहमी वडीलच असतात असंही नाही. एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांच्यातला 'एम' म्हणजे मदुराई हे गाव आणि 'एस' म्हणजे षण्मुखवडिवू, त्यांची आई! तेलुगू लोकांकडे तर पुढे घराण्याचं नाव येतं. व्ही. व्ही. एस. लक्ष्मणमधला पहिला 'व्ही' वंगिपुरपु, म्हणजे तो मात्र खरोखर आडनावासारखा. तेव्हा अक्षर पाहून अर्थ लावू नये, माणसाला विचारावं. मी विचारलं, पण उशिरा.

उशिरा म्हणजे असं की, दरम्यान ताईच्या जावेने परस्पर पाहुण्यांची यादी केली होती. तिच्या यादीत 'सुब्रमणियन परिवार' असा मथळा होता आणि त्याखाली काका वेंकटेश "श्री. वेंकटेश सुब्रमणियन" झाले होते. म्हणजे सख्ख्या भावाला त्याच्याच भावाचा मुलगा करून टाकलं होतं. तिला हसायचा अधिकार आपल्याला नाही. विश्वनाथन आनंद यांचं नाव आनंद, विश्वनाथन हे वडील. आणि अख्खं बुद्धिबळाचं जग त्यांना 'विशी' म्हणतं, म्हणजे प्रेमाने वडिलांनाच हाक मारतं.

"पण कार्तिकच्या कंपनीच्या ओळखपत्रावर 'कार्तिक एस.' आहे," भाचीने नवाच पेच टाकला. त्याचं कारण अर्जातले रकाने. अर्जात आधी पहिलं नाव आणि मग आडनाव मागतात. बिचारा दुसऱ्या रकान्यात एक अक्षर टाकून मोकळा होतो. केरळात तर शाळेच्या हजेरीपटापासूनच अक्षरं नावामागे जातात. पासपोर्टच्या अर्जात आद्याक्षरं चालतच नाहीत, पूर्ण नाव लिहावं लागतं. तिथे कार्तिकने आडनावाच्या जागी सुब्रमणियन घातलं. आता विमानतळावर 'मिस्टर सुब्रमणियन' असा पुकारा झाला की बाप-लेक दोघेही उठतात.

पत्रिकेत काय, हा प्रश्न उरलाच. मी थाटात 'चि. सु. कार्तिक' लिहिलं. इंग्रजी 'एस'ला मराठीत कशाला थारा द्यायचा? आपण चिंतामणचं 'चिं.' करतो, त्र्यंबकचं 'त्र्यं.' करतो. अनुस्वार, जोडाक्षर, काना-मात्रेसकट पहिलं अक्षर अख्खं उचलायचं, हा आपला रिवाज, 'च.' किंवा 'त.' केलं तर माणूस ओळखू येत नाही. सुब्रमणियनांना कळवलं तर ते खूश. तमिळ वर्तमानपत्रांतही स्टॅलिन 'मु. क.'च असतात म्हणाले, तुमची-आमची रीत एकच.

कार्तिक मात्र खूश नव्हता. "काका, मला कुणीही 'सु' म्हणत नाही."

त्याचं बरोबर होतं. जो स्वतःला इंग्रजी अक्षराने ओळखतो, त्याचं ते अक्षर उच्चाराप्रमाणे लिहावं. एस. एम. जोशी होते श्रीधर महादेव, पण त्यांना 'श्री. म.' केलं तर कोण ओळखेल? वर 'श्री.'चा धोका वेगळाच. श्री. ना. पेंडसे यांचा 'श्री.' श्रीपादचा, एका होतकरू जुळणीकाराने तो आदरार्थी समजून 'श्रीयुत ना. पेंडसे' छापायला घेतलं होतं, ते मी शेवटच्या प्रुफात पकडलं. नोकरीतला माझा एकमेव पराक्रम.

मजकूर ठरला: चि. एस. कार्तिक. प्रत्येक अक्षरानंतर टिंब, टिंबानंतर जागा. छापखान्यातून प्रूफ आलं, तर 'चि. एस.' एका ओळीच्या टोकाला आणि 'कार्तिक' खालच्या ओळीत एकटा. वाचणाऱ्याला वाटावं, चिरंजीव एस. म्हणून कुणी वेगळाच नवरा आहे. छापखान्यातल्या मुलाला म्हटलं, "साधी जागा नको, न तुटणारी जागा घाल." वर्डमध्ये ती Ctrl+Shift+Space दाबून मिळते. अक्षरं आणि नाव मग एकमेकांना सोडत नाहीत.

लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीने भाचीचं नवं नाव लिहायची वेळ आली. "नाव?" गुरुजींनी विचारलं. ताईने माझ्याकडे पाहिलं, मी सुब्रमणियनांकडे, त्यांनी मुलाकडे, मुलाने भाचीकडे.

"आहे तेच. फक्त पुढे के. लावा," ती म्हणाली.

कार्तिकने अंगठीने 'के अदिती' लिहिलं. मला राहवेना. वाकून मी 'के'च्या शेजारी एक कुंकू लागलेला तांदूळ ठेवला. टिंब राहिलं होतं.