खाडा नक्की कुणाचा?

गेल्या महिन्यात आमच्या कामवाल्या ताईंशी माझं चांगलंच वाजलं. झाडू-पोछा आणि भांडी, महिन्याला ३००० रुपये. जूनमध्ये पाच खाडे झाले, त्यातले तीन न सांगता, फोन बंद. सिंकमध्ये रात्रीची भांडी, सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं त्यामुळे त्यांना उभं राहवत नाही, आणि मला ८:४२ ची मुलुंड लोकल, म्हणजे मी पहाटे साडेपाचला उठून सगळं घासायचं आणि मग ऑफिसात दिवसभर पेंगायचं. मी कॅलेंडरवर फुल्या मारून ठेवते (दुधाच्याच खाली), त्या दाखवून ५०० कापले.

ताई शांतपणे म्हणाल्या, "वहिनी, मे महिन्यात तुम्ही दहा दिवस गावाला गेलात, तेव्हा हजार कापले होते. ते खाडे माझे होते का?"

खरं सांगते, उत्तर नव्हतं. आम्ही नव्हतो म्हणून काम नव्हतं, पण ते दहा दिवस त्या दुसरं घर थोडीच धरू शकत होत्या? आणि मी ३००० भागिले ३० करून दिवसाचे शंभर काढते, म्हणजे रविवारसुद्धा कामाचाच दिवस धरलेला. मला मात्र ऑफिसात रविवार पगारी.

रोजच्या उशिराचंही तेच. मी सातला या म्हणते, त्या पावणेआठला येतात. भांडुपला टेकडीवर राहतात, पाणी सकाळी तासभरच येतं, ते भरल्याशिवाय निघताच येत नाही. हे दोन वर्षांत मी कधी विचारलंच नव्हतं, फक्त "उशीर झाला" एवढंच ऐकवत होते. पण न सांगता दांडी मारणं चूकच, ते मी त्यांनाही तोंडावर सांगितलं. एक मिस्ड कॉल दिला असता तरी मी आदल्या रात्रीच भांडी उरकली असती. त्यावर म्हणाल्या, "सांगितलं की तुम्ही नको म्हणता, म्हणून फोन बंद ठेवते." हेही खोटं नाही 😅

राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा २००८ चा कायदा आहे, पण त्याचा भर नोंदणी आणि मदतीच्या योजनांवर, खाड्याचा हिशोब शेवटी ओट्यापाशीच होतो.

तर आमचा असा झाला. महिन्याला दोन सुट्ट्या पगारी. आम्ही गावाला गेलो तर पैसे कापायचे नाहीत, मे चे हजार परत दिले. तिसऱ्या सुट्टीपासून दिवसाचे शंभर, पण आदल्या रात्री फोन केला तर मी "नको" म्हणायचं नाही. वेळ पावणेआठच. नवरा म्हणतो तू फारच सोडलंस, समोरच्या काकू म्हणतात बाकीच्या बायकांना बिघडवतेस.

पाहुण्यांच्या भांड्यांचं मात्र अजून ठरलं नाहीये. ताईंनी एका वेळचे दीडशे सांगितलेत, मी शंभरवर अडलेय, आणि गणपतीत आमच्याकडे पंधरा माणसं जेवायला असतात.