पेस्ट केलेला मेल: फॉन्ट दिसतो, स्पेस दिसत नाही

गावोगावच्या सेवा केंद्रांतून, ग्रामपंचायतींतून, शेतकरी कंपन्यांतून रोज मेल जातात. पीक नुकसानीची यादी, गट क्रमांक, रकमा. मजकूर कुठून तरी उचलायचा, जीमेलमध्ये टाकायचा, पाठवायचा. फॉन्ट वेगवेगळे दिसले की लोक `Ctrl+Shift+V` दाबतात आणि मेल साफ झाला असं धरून चालतात. माझं स्पष्ट मत आहे की इथेच घोळ होतो. त्या बटणाने फॉन्ट, आकार, रंग अशी वरवरची सजावट जाते. चुकलेल्या स्पेस जशाच्या तशा मेलमध्ये उतरतात.

आधी फॉन्टचं बघू. वर्डमधून कॉपी करताना अक्षरांसोबत त्यांचा पेहरावही येतो. अमुक तुकडा मंगलमध्ये, ११ पॉइंट, काळा. तुम्ही जीमेलमध्ये हाताने टाइप केलेल्या ओळीला असा देवनागरी फॉन्ट ठरवून दिलेला नसतो, म्हणून विंडोजवर ती बहुधा निर्मलामध्ये दिसते. एका मेलमध्ये दोन वळणं दिसतात ती यामुळे. समोरच्याच्या फोनमध्ये मंगल नसतो, तिथे सगळं फोनच्या स्वतःच्या देवनागरी फॉन्टमध्ये दिसतं. पण आकार आणि रंग मात्र तसेच राहतात, म्हणून अर्धा परिच्छेद बारीक आणि अर्धा मोठा. मेल आधीच लिहून झाला असेल तर तेवढा भाग निवडून `Ctrl+\` दाबा, हा पेहराव उतरतो.

खरं नुकसान स्पेसमुळे होतं. गेवराई तालुक्यातल्या यादीची ही ओळ घ्या:

```
तलवाडा,उमापूर ,मादळमोही,  जातेगाव गट क्र. 112,113 रक्कम रु. 1,25,000
```

स्वल्पविरामानंतर जागा नसेल तर फोनच्या अरुंद पडद्यावर ती नावं एकाच लांब शब्दासारखी वागतात. ओळीत मावली नाहीत की सगळी मिळून खाली जातात. स्वल्पविरामाआधी जागा असेल तर ओळ नेमकी तिथे तुटू शकते आणि खालची ओळ स्वल्पविरामाने सुरू होते. पण सगळ्यात वाईट आहे ते `112,113`. हे दोन वेगळे गट आहेत. तालुक्याला कोणी हे एक्सेलच्या रकान्यात टाकलं की एक्सेल त्याला एकच आकडा समजतो, 112113. असा गट गावात नाहीच.

मेलच्या खिडकीत शोधा-बदला ही सोय नाही, म्हणून साफसफाई वर्डमध्येच करावी. नवीन फाइल उघडा, राइट क्लिक करून Keep Text Only ने पेस्ट करा. मग `Ctrl+Shift+8` दाबा. साधी स्पेस ठिपक्यासारखी दिसेल, न तुटणारी स्पेस छोट्या गोलासारखी. हा गोल साध्या स्पेसच्या शोधात सापडेलच असं नाही, म्हणून त्याच्यापासून सुरुवात.

`Ctrl+H` उघडा. `^s` च्या जागी एक स्पेस. मग दोन स्पेसच्या जागी एक, बदल शून्य येईपर्यंत पुन्हा पुन्हा. मग स्पेस-स्वल्पविरामाच्या जागी नुसता स्वल्पविराम. पीडीएफमधून घेतलेला मजकूर असेल तर प्रत्येक ओळीच्या शेवटी एंटर असतो. तो काढताना `^p` च्या जागी रिकामं ठेवू नका, एक स्पेस द्या. रिकामं ठेवलं की ओळीच्या टोकाचा शब्द पुढच्याला चिकटतो, स्वल्पविरामानंतरची जागा बहुतेक वेळा अशीच हरवते. परिच्छेद टिकवायचे असतील तर हे एकेका परिच्छेदापुरतं निवडून करा, आणि दोन स्पेसचा फेरा शेवटी पुन्हा एकदा घ्या.

आता Use wildcards वर खूण करून हे:

```
Find what:     ,([! 0-9])
Replace with:  , \1
```

म्हणजे स्वल्पविरामापुढे स्पेस किंवा आकडा नसेल तरच जागा सोड. आकडा मुद्दाम वगळलाय, नाहीतर सव्वा लाखाचे `1, 25, 000` होतात. मजकुरात आकडे देवनागरी असतील तर कंसात `0-9` च्या पुढे `०-९` पण घाला.

उरतात ते आकड्यांमधले स्वल्पविराम. `112,113` आणि `1,25,000` मशीनला सारखेच दिसतात. कुठला गट आणि कुठली रक्कम हे माणसालाच कळतं. म्हणून `[0-9],[0-9]` शोधा, देवनागरी आकड्यांसाठी `[०-९],[०-९]`, आणि Find Next ने एकेक बघा. इथे Replace All कधीच दाबू नका. गट असतील तिथे हाताने जागा सोडा, आणि गावं, गट, रक्कम यांच्यामध्ये अर्धविराम द्या. शेवटी ओळ अशी हवी:

```
तलवाडा, उमापूर, मादळमोही, जातेगाव; गट क्र. 112, 113; रक्कम रु. 1,25,000
```

ही ओळ जीमेलमध्ये `Ctrl+Shift+V` ने टाका आणि ठळक करायचं ते तिथेच करा, कारण साध्या पेस्टमध्ये ठळकपणा, लिंक आणि तक्ता तिन्ही जातात. गावांची संख्या जास्त असेल तर ओळीत कोंबण्यापेक्षा एक्सेल फाइल जोडलेली बरी.

ज्याच्याकडे असा बिघडलेला मेल येतो आणि त्यातून नावं एक्सेलमध्ये घ्यायची असतात, त्याच्यासाठी नुसतं TRIM पुरत नाही, ते न तुटणारी स्पेस सोडून देतं. हे वापरा:

```
=TRIM(SUBSTITUTE(A2,CHAR(160)," "))
```

आणि एक सावधगिरी. अदृश्य अक्षरं काढून देणाऱ्या वेबसाइट्सवर मराठी मजकूर टाकू नका. 'दुसर्‍या' मधला अर्धा र काही कीबोर्डवर एका अदृश्य जोडणाऱ्या अक्षराच्या आधाराने उमटतो. ते अक्षर गेलं की तिथे 'दुसर्या' उरतं, आणि मग यादीभर प्रत्येक शब्द हाताने दुरुस्त करत बसावं लागतं.